पाटीवरची अरबी ओळ : कोणती बदलायची, कोणती तशीच ठेवायची आणि खर्च किती येतो

हिंगोली, वसमत, कळमनुरी या गावांच्या बाजारपेठेतून फिरताना एकाच पाटीवर तीन-चार लिप्या दिसतात. वर मध्यभागी अरबीत बिस्मिल्लाह, बाजूला ७८६, खाली उर्दूत दुकानाचे नाव, त्याखाली इंग्रजी आणि कुठेतरी कोपऱ्यात मराठी. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कारभार उर्दूतून चाले, त्यामुळे या लिपीची इथे कोणाला नवलाई नाही. प्रश्न येतो तो पाटी नव्याने करायची ठरते तेव्हा. मराठी ठळक करायची आहे, पण मग बाकीच्या ओळींचे काय? सगळ्यांचे भाषांतर करायचे की नावापुरते? अरबी ओळीला हात लावायचा का? डिझायनर विचारतो, "शेठ, हे काय लिहिलंय? याचं मराठी करू का?" आणि तिथल्या तिथे, उभ्या उभ्या निर्णय होतो. तो घाईत झाला की पैसे दोनदा जातात.

आधी कायदा थोडक्यात. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे, कामगार कितीही असोत, प्रत्येक दुकानाचा नामफलक देवनागरी लिपीतील मराठीत असणे बंधनकारक आहे. शेजारी दुसरी भाषा चालते. अटी दोनच : मराठी सुरुवातीला हवी आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या कोणत्याही भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नको. व्यापाऱ्यांच्या संघटनेने याला आव्हान दिले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली आणि ती २५ नोव्हेंबर २०२३ ला संपली. मुंबई महापालिकेने त्यानंतर दर कामगारामागे २००० रुपये या हिशेबाने दंडाची कारवाई जाहीर केली होती.

मराठी सक्तीची म्हणजे उर्दू काढायची, असा समज मात्र चुकीचा आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीखाली उर्दूत नाव होते. ते काढावे म्हणून एक माजी नगरसेविका थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १५ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. मराठी असताना जोडीला उर्दू लिहायला राज्याच्या कायद्यात मनाई नाही, असे त्यात स्पष्ट झाले. सरकारी इमारतीवर जे चालते ते खासगी दुकानावर चालणारच. तेव्हा निर्णय भीतीपोटी घेऊ नका, गिऱ्हाइकाला काय वाचता येते आणि पाटीवर जागा किती आहे, हे बघून घ्या.

पाटीवरची कोणती ओळ अरबी आणि कोणती उर्दू, हे आधी ओळखावे लागते, कारण दोन्हींचा निर्णय वेगळा असतो. दोन्ही लिप्या उजवीकडून डावीकडे जातात आणि न वाचणाऱ्याला सारख्याच दिसतात. पण न वाचताही बराचसा अंदाज येतो. अक्षराखाली तीन टिंबे त्रिकोणात असतील तर तो प किंवा च आहे. ही अक्षरे अरबीत नाहीत, म्हणजे ओळ उर्दू (जुन्या दगडावर असेल तर फारसीही असू शकते). अक्षराच्या डोक्यावर बारीक गाठीसारखी खूण दिसली तर तो ट, ड किंवा ड़, आणि मग ती नक्की उर्दूच. उलट अक्षरांच्या वरखाली बारीक तिरप्या रेघा, छोटे गोल आणि वळसे दाट भरलेले असतील तर ती बहुधा कुराणातली ओळ किंवा दुआ, कारण उच्चार चुकू नये म्हणून स्वरचिन्हे तिथेच पूर्ण देतात. रोजच्या उर्दूत ती कोणी देत नाही. खात्री हवी असेल तर पाटीचा फोटो मशिदीतल्या इमामसाहेबांना किंवा जवळच्या उर्दू शाळेतल्या गुरुजींना दाखवा. पाच मिनिटांत ओळ न् ओळ सांगतील.

आता एक पाटी घेऊन हिशेब करू. हिंगोलीत रस्त्यालगत बिर्याणीचे हॉटेल आहे असे धरा. पाटी १० फूट रुंद, ३ फूट उंच. तिच्यावर सध्या हे आहे : वर अरबीत बिस्मिल्लाह, मध्ये उर्दूत 'मदिना बिर्याणी सेंटर', खाली तेच इंग्रजीत, उर्दूत एक ओळ की इथे लग्नकार्याच्या ऑर्डर घेतल्या जातात, कोपऱ्यात गोल शिक्क्यात 'हलाल', आणि शेवटी उर्दू आकड्यांत स्थापनेचे वर्ष, १४२० हिजरी. मराठी एक अक्षरही नाही.

मालकाची पहिली इच्छा असते की सगळेच तिन्ही भाषांत टाका, कोणाची तक्रार नको. बिस्मिल्लाह, नाव, ऑर्डरची ओळ, हलाल, वर्ष असे पाच मजकूर तीन भाषांत म्हणजे पंधरा ओळी. पाट्यांच्या धंद्यात एक ठोकताळा आहे : दहा फुटांवरून आरामात वाचायला अक्षर एक इंच उंच हवे. रस्त्याच्या पलीकडून, म्हणजे चाळीसेक फुटांवरून वाचायचे तर चार इंच. चार इंचांचे अक्षर आणि दीड इंचाची मोकळी जागा धरली तर प्रत्येक ओळीला साडेपाच इंच लागतात. पंधरा ओळींना ८२ इंच, म्हणजे जवळपास सात फूट. पाटी आहे तीन फुटांची. आता एकतर अक्षरे दीड इंचाची करायची, म्हणजे पाटी असून नसल्यासारखी, नाहीतर सात फूट उंचीची फ्रेम उभारायची.

पैशात मांडले तर आणखी स्पष्ट होते. साध्या फ्लेक्सची छपाई चौरस फुटाला १५ रुपये आणि लोखंडी फ्रेम ५० रुपये, मिळून ६५ धरा. गावागणिक आणि दुकानागणिक दर बदलतात, तेव्हा तुमच्याकडचा आकडा यात घाला. दहा फूट रुंदीच्या पाटीवर साडेपाच इंचांची एक ओळ साडेचार चौरस फुटांहून थोडी जास्त जागा खाते. म्हणजे एक ओळ वाढली की साधारण ३०० रुपये वाढले. हीच पाटी एसीपी शीट आणि अॅक्रिलिकच्या उठावदार अक्षरांत करायची आणि दर ३५० रुपये धरला, तर एका ओळीला १६०० रुपये. हा ओळीचा भाव डोक्यात ठेवला की प्रत्येक ओळीला विचारता येते : ही वाचून कोणते गिऱ्हाईक आत येणार आहे?

नावापासून सुरुवात करू. नावाचे भाषांतर करायचे नसते, ते देवनागरीत लिहायचे असते. 'मदिना' हे नावच आहे, त्याचा अर्थ शोधत बसू नये. 'सेंटर'चे 'केंद्र' करा असाही कोणी आग्रह धरील. पण नाव जसे नोंदवले आहे तसे देवनागरीत लिहावे, हा माझा आग्रह आहे. शॉप अॅक्टच्या कागदावर, जीएसटीच्या नोंदणीत आणि बँकेच्या खात्यात जे नाव आहे त्याच्याशी पाटीवरचे नाव जुळले पाहिजे. उर्दू नावे मराठीत आणताना ज आणि झ यांचा घोळ हमखास होतो. अजीज, अझीज, अझीझ हे तिन्ही लोक लिहितात. त्यातले कागदावर जे आहे ते घ्या आणि मग सगळीकडे तेच ठेवा. अक्षराखाली नुक्ते देऊ नका. मराठी वाचकाला त्याची सवय नाही आणि लांबून ते शाईचे डाग वाटतात.

उर्दूतले नाव राहू द्यावे. जुने गिऱ्हाईक त्याच आकारावरून दुकान ओळखते. इंग्रजी ठेवायचे की नाही हे जागेवर अवलंबून आहे. अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्ग हिंगोलीवरून जातो आणि पुढे तेलंगणात उतरतो. महामार्गालगतच्या हॉटेलावर तिकडचे ट्रकवाले थांबतात, त्यांना मराठी आणि उर्दू दोन्ही वाचता येत नसेल. तिथे इंग्रजी ठेवावी. आतल्या गल्लीतल्या दुकानाला ती ओळ वाचवता येते.

ऑर्डरची ओळ मात्र पुरती मराठीत आणावी, कारण पाटीवरची खरी माहिती तीच आहे. 'लग्नकार्याच्या ऑर्डर स्वीकारल्या जातील' एवढे पुरे. उर्दू वाक्याची शब्दाला शब्द अशी नक्कल नको. ही ओळ मराठीत आली की उर्दूतली काढली तरी चालते, कारण ऑर्डर द्यायला येणारा बहुतेक गिऱ्हाईकवर्ग, कोणत्याही समाजाचा असो, मराठी वाचतो. इथे भाषांतराने जागा वाढत नाही, ओळीची अदलाबदल होते आणि खर्च तेवढाच राहतो.

वर्षाचे काय? उर्दू आकड्यांतले वर्ष ज्याला वाचता येते त्यालाही हिजरी साल पटकन लागत नाही. हिजरी वर्ष चंद्रावर चालते, सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून त्यात ठरावीक आकडा मिळवून इसवी सन निघत नाही. १४२० हिजरी १९९९ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले आणि २००० च्या एप्रिलमध्ये संपले. म्हणजे १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला त्याच हिजरी वर्षात हॉटेल सुरू झाले. पण महिना माहीत नसेल तर पाटीवर 'स्थापना १९९९' असे ठोकून देऊ नका. जुनी बिले किंवा परवाना बघा आणि मगच लिहा. हिजरी साल ठेवायचेच असेल तर इसवी सनाशेजारी लहान अक्षरांत ठेवता येते, वेगळी ओळ लागत नाही. मोबाईल नंबर मात्र कधीही उर्दू-अरबी आकड्यांत टाकू नका. त्यातले काही आकडे आपल्या आकड्यांसारखे दिसून फसवतात : अरबी पाच हा नुसता गोल असतो, तो शून्य म्हणून वाचला जातो, आणि खरा शून्य तिथे टिंब असते.

हलालचा शिक्का दोन प्रकारचा असू शकतो. नुसता शब्द असेल तर शेजारी देवनागरीत 'हलाल' लिहा. तो शब्द मराठीत सगळ्यांना कळतो, अर्थ सांगत बसायला नको. पण ते एखाद्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे चिन्ह असेल तर त्याला हात लावू नये. ना रंग बदलायचा, ना आत मराठी घुसवायची. चिन्ह त्या संस्थेचे आहे. प्रमाणपत्राची मुदत संपली असेल तर ते नव्या पाटीवर घ्यायचेच नाही.

राहिली बिस्मिल्लाह. या ओळीचे पाटीवर भाषांतर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती गिऱ्हाइकाला काही सांगण्यासाठी लिहिलेली नाही, कामाची सुरुवात अल्लाच्या नावाने व्हावी म्हणून आहे. तिचे मराठी केले तर ती दुकानाच्या जाहिरातीसारखी वाचली जाते. अरबी शब्द देवनागरी अक्षरांत लिहिणे त्याहून अडचणीचे. अरबीतले कितीतरी उच्चार देवनागरीत नाहीत आणि कुराणाचा मजकूर अरबीखेरीज दुसऱ्या लिपीत लिहायला बऱ्याच आलिमांचा विरोध आहे. मालकाला अर्थ द्यायचाच असेल तर तो आत गल्ल्यामागच्या भिंतीवर, स्वतंत्र चौकटीत आणि जाणत्याकडून तपासून घेऊन लावावा.

पण मग कायद्याचा पेच येतो. मराठी सुरुवातीला हवी आणि बिस्मिल्लाह तर रीतीप्रमाणे सगळ्यात वर असते. ती नावाखाली ढकलायला कोणी तयार होणार नाही, आणि ते बरोबरही नाही. माझ्या मते ती नाव नसल्याने कायद्यातल्या नामफलकाच्या अटीत मोडू नये. तरी तपासणीला आलेल्या माणसाला पहिली ओळ अरबी दिसली तर वाद होतो, आणि दुकानदाराला वाद परवडत नाही. म्हणून ती ओळ फलकातून काढून वेगळ्या पट्टीवर घ्यावी : दाराच्या चौकटीवर किंवा फलकाच्या फ्रेमबाहेर वर, ३ फूट रुंद आणि ९ इंच उंच. म्हणजे सव्वादोन चौरस फूट. अॅक्रिलिकवर ३५० च्या दराने सुमारे ८०० रुपये होतात. फलकावर मग पहिली ओळ मराठी.

वेगळ्या पट्टीचे दुसरे कारण मला कायद्याहून महत्त्वाचे वाटते. फ्लेक्स उन्हात वर्ष-दोन वर्षांत विटतो, फाटतो, उतरतो. उतरलेला फ्लेक्स आपल्याकडे कोणी फेकत नाही. तो सोयाबीनच्या गंजीवर जातो, वाळत घातलेल्या हळदीवर पावसाच्या भीतीने टाकला जातो, गोठ्याच्या छपराला बांधला जातो. त्यावर बिस्मिल्लाह छापलेली असली तर ती पायदळी येते. यावरून घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन दुखते आणि कधी गावात बोलाचालीही होते. जी ओळ कधीच बदलणार नाही ती टिकाऊ वस्तूवर एकदाच करा, आणि नंबर, ऑर्डर, वेळ यांसारखा बदलता मजकूर फ्लेक्सवर ठेवा. पुढच्या वेळी फक्त छपाईचे पैसे लागतात, ३० चौरस फुटांना ४५०.

मग तीन फुटांच्या पाटीची मांडणी अशी बसते. मराठी नाव ९ इंच, उर्दू नाव ६, इंग्रजी ५, ऑर्डरची मराठी ओळ ४, आणि शेवटच्या ४ इंचांत स्थापनेचे वर्ष, हलालची खूण व मोबाईल. एकूण २८ इंच. ओळींमध्ये दीड-दीड इंच सोडला की चौतीस, आणि वरखाली एकेक इंच कड. आकार मोजताना एक काळजी घ्या. देवनागरी अक्षराच्या उंचीत वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार धरले जातात, म्हणून संगणकावर ९ इंच म्हटले तरी अक्षराचे अंग बरेच लहान येते. शिरोरेघेपासून अक्षराच्या बुडापर्यंत मोजा आणि ते इंग्रजी मोठ्या अक्षराहून कमी नाही हे बघा.

खर्च असा : ३० चौरस फुटांची छपाई आणि फ्रेम १९५०, अरबी पट्टी ८००, बसवण्याचे ५०० धरले तर ३२५० रुपये. भाषांतर आणि तपासणीसाठी गुरुजी पैसे मागणार नाहीत, तरी ३००-५०० रुपये द्यावेत. त्यांचा वेळ आणि जबाबदारी दोन्ही त्यात आहे. अरबी ओळ कातिबाकडून हाताने लिहून घेतली तर त्याचा मोबदला वेगळा. जीएसटी धरून भाव सांगितला की सोडून, हे आधीच विचारा. सगळे तिन्ही भाषांत टाकून सात फुटांची पाटी केली असती तर ७० चौरस फुटांना फक्त छपाई-फ्रेमचे ४५५० झाले असते, बसवायला पाडही बांधावा लागला असता.

मशीद, मदरसा, कब्रस्तान यांच्या पाट्या दुकानांच्या नसल्या, तरी ओळींची निवड तीच. नाव देवनागरीत, सूचना मराठीत, दुआ जशीच्या तशी. नमाजाच्या वेळांच्या फलकावर फजर, जोहर, असर, मगरिब, इशा ही नावेच राहू द्यावीत आणि वेळ नेहमीच्या आकड्यांत द्यावी. दर्ग्याच्या किंवा जुन्या वेशीच्या दगडावर कोरलेला लेख असेल तर त्यावर रंग फिरवू नये, मराठी त्यावर रंगवू नये. माहिती द्यायची तर शेजारी वेगळी पाटी उभारावी.

छपाईत सर्वांत जास्त नुकसान होते ते अरबीचे, आणि कारण तांत्रिक आहे. अरबीतली बहुतेक अक्षरे एकमेकांना जोडूनच लिहिली जातात. कोरल ड्रॉच्या जुन्या आवृत्त्या अजून बऱ्याच फ्लेक्सवाल्यांकडे आहेत. त्यांत मोबाईलवरून आलेला अरबी मजकूर चिकटवला की अक्षरे सुटी होतात आणि उलट क्रमाने, डावीकडून उजवीकडे लागतात. न वाचणाऱ्या डिझायनरला ते अरबीसारखेच दिसते. उपाय म्हणजे अरबी ओळ टाइप करूच नये. तिचे तयार रेखाटन घ्यावे किंवा कातिबाचे अक्षर स्कॅन करावे. उर्दू नाव इनपेजमध्ये करून त्याचे कर्व्ह करून आणावे, म्हणजे दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसला तरी अक्षर हलत नाही. मराठीलाही हाच धोका असतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार आणि 'ऱ्य'सारखी जोडाक्षरे बिघडतात.

छापण्याआधी प्रूफ स्वतः बघा. बिस्मिल्लाहच्या सुरुवातीला, म्हणजे उजव्या टोकाला, पहिल्या अक्षराखाली एक टिंब असते. ते डावीकडे गेले असेल तर ओळ उलटी आहे. 'अल्लाह' या शब्दातला अलिफ सुटा उभा असतो आणि पुढची तीन अक्षरे एकात एक जोडलेली असतात. ती चारही सुटी उभी दिसली तर प्रूफ परत करा. काचेवर आतून चिकटवायचे स्टिकर असेल तर मिरर छपाई सांगितली आहे का, तेही विचारा. मग त्याच प्रूफचा फोटो गुरुजींना पाठवा आणि 'ठीक आहे' हे त्यांच्याकडून लेखी येऊ द्या, फोनवरचे 'हो' पुरेसे नाही. एकदा छापले की चूक कोणाची यावर दुकानदार आणि फ्लेक्सवाला दोघेही अडून बसतात. लेखी होकार आणि तारीख असली की पुन्हा छपाईचे पैसे कोणी द्यायचे हे ठरते.

अॅडव्हान्स निम्मा द्यावा. उरलेली रक्कम पाटी बसल्यावर, ती रस्त्याच्या पलीकडे उभे राहून वाचून बघितल्यावर, आणि फाईल हातात आल्यावर. फाईल दोन प्रकारांत मागून घ्या : बदल करता येणारी मूळ फाईल, आणि सगळी अक्षरे कर्व्ह केलेली पीडीएफ. नंबर बदलला किंवा फ्लेक्स विटला की दुसऱ्या दुकानातूनही तीच पाटी निघते आणि मजकूर पुन्हा टाइप करायची वेळ येत नाही.